ताईच्या डोहाळजेवणात काय बोलायचं? पहिल्यांदाच मावशी होणाऱ्यांसाठी

गेल्या डिसेंबरात आमच्या ताईचं डोहाळजेवण झालं, इथेच इंदूरला, लोकमान्य नगरात आमच्या घरी, सातवा महिना. आईने आठ दिवस आधी फर्मान काढलं की तू धाकटी बहीण आहेस तर दोन शब्द बोल. मी म्हटलं ठीक आहे, दोन शब्दच ना. मग कागद घेऊन बसले आणि तासाभरात एवढंच लिहून झालं, "प्रिय ताई, तुला खूप खूप शुभेच्छा". पुढे काही सुचेना. तेव्हा मी जे जे चुकले आणि मग जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते, कारण नंतर माझ्या दोन मैत्रिणींनी हेच विचारलं आणि दोघींना फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसले.

पहिली पायरी म्हणजे आधी हे बघा की तुम्ही बोलणार कधी आणि समोर कोण बसलेलं असणार. आमच्याकडे क्रम असा होता की आधी ताईला हिरवी साडी, फुलांचे दागिने, मग झोपाळ्यावर बसवणं, मग एकेक करून सगळ्या बायकांनी ओटी भरणं, मग डोहाळ्याची गाणी, मग पेढा-बर्फीची वाटी, मग जेवण. ओटी भरणाऱ्या तीस-पस्तीस बायका असतील तर त्यातच पाऊण तास जातो. ताई तोपर्यंत पाठ ताठ करून बसलेली असते, कंबर दुखत असते, भूक लागलेली असते आणि प्रत्येक जण फोटोसाठी म्हणतो इकडे बघ. अशा वेळी तुम्ही चार पानं काढलीत तर ती हसेल पण मनातून शिव्या देईल. मी ओटी आणि पेढा-बर्फी यांच्या मधली जागा पकडली, कारण वाट्या झाकून आणेपर्यंत तसाही थोडा वेळ रिकामा असतो आणि सगळ्या बायका बसलेल्या असतात. जेवणाच्या वेळी बोलू नका, भाजी वाढा, पोळी आण, यात कोणी ऐकत नाही.

लांबी किती? मी मोबाइलवर वेळ लावून घरात मोठ्याने वाचून बघितलं. दीड पान भरलं तेव्हा तीन मिनिटं लागली, ते कापत कापत सव्वा मिनिटावर आणलं, साधारण सव्वाशे-दीडशे शब्द. त्यापेक्षा मोठं असेल तर मधेच कोणीतरी "अगं चहा झाला का" विचारतंच. आणि कागदावर लिहा, मोबाइलवर नको, कारण ऐन वेळी मोबाइल कोणाच्या तरी हातात व्हिडिओ काढायला गेलेला असतो. माझा गेला होता.

दुसरी पायरी, एक जुनी गोष्ट शोधा, एकच. इथे सगळे अडकतात, कारण शुभेच्छा म्हटल्या की आपण लगेच "चिमुकली पावलं", "आनंदाचं झाड", "गोंडस पाहुणा" असलं फॉरवर्डातलं लिहायला लागतो. ओळखायचं कसं? लिहिलेलं वाक्य घ्या आणि ताईच्या जागी शेजारच्या वहिनींचं नाव घाला. तरीही चालत असेल तर ते वाक्य खोडा. माझी पहिली अकरा वाक्यं अशीच गेली.

मग मी आईला विचारलं की लहानपणी ताई मला काय म्हणून रडवायची. आई हसायला लागली. तेव्हा आठवलं, ताई मला सांगायची की तू आमची नाहीसच, तुला बोहारणीकडून घेतलंय, आईने दोन जुन्या साड्या दिल्या आणि बोहारणीने तुला दिलं, वर एक स्टीलची वाटी पण दिली. ती वाटी ती मला दाखवायची सुद्धा! मी कितीतरी वर्षं त्या वाटीत काही खायचे नाही. बस, हीच गोष्ट. कारण यात ताई आहे, मी आहे, आई आहे आणि ती वाटी अजून घरात आहे. अशी गोष्ट प्रत्येक बहिणीकडे एक तरी असते. शाळेची, सायकलची, एकाच फ्रॉकवरून झालेल्या मारामारीची. फक्त गोष्ट अशी निवडा की सासरच्या माणसांनाही ऐकता ऐकता कळली पाहिजे, समजावून सांगावी लागली तर मजा गेली.

तिसरी पायरी चेष्टेची, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळा घोळ इथेच होतो.

डोहाळजेवणात चेष्टा पाहिजेच, त्याशिवाय मावशी कसली. पण समोर ताईच्या सासूबाई बसल्यात, चुलत सासूबाई बसल्यात, शेजारच्या काकू बसल्यात हे विसरू नका. मी यमक जुळवायच्या नादात लिहिलं होतं, "बाळाची आई जरा आळशी, पण मावशी आहे हौशी". घरात आम्ही दोघी एकमेकींना रोज आळशी म्हणतो, त्यात काहीच नाही. आईने वाचलं आणि म्हणाली हे काढ. मी म्हटलं का, तर म्हणाली तू म्हणालीस की बहिणीची थट्टा, तेच वाक्य सासूबाईंच्या कानात गेलं की तक्रार होते आणि मग सहा महिन्यांनी कधीतरी भांडी पडलेली असताना आठवतं. पटलं मला. मग नियम केला की ज्या चेष्टेचा मार बसणार आहे तो माझ्यावरच बसला पाहिजे, किंवा फार तर जिजाजींवर, कारण ते बिचारे भिया काही म्हणत नाहीत.

आणखी काही चेष्टा मी लिहिल्याच नाहीत. वजनाची नाही, पोट किती पुढे आलं त्याची नाही, "आता झोप विसर" ही तर अजिबात नाही, कारण सातव्या महिन्यात तिला तसंही कुशीवर झोपून झोपून खांदे दुखत होते आणि रात्री चार वेळा उठावं लागत होतं, तिला ते ऐकवून काय मिळवायचं. आणि बाळंतपणाच्या कळांचे किस्से तर दुसऱ्या कोणी सुरू केले तरी तुम्ही विषय बदला. आधी कधी काही वाईट झालेलं असेल, उपचार चालले असतील, तर "शेवटी एकदाचं" किंवा "किती वाट बघायला लावलीस" असले शब्द चुकूनही नकोत. तिच्या मनात काय काय चाललंय ते त्या हॉलमधल्या पस्तीस जणींना कळायची गरज नाही.

राहिला मुलगा-मुलगीचा प्रश्न. पेढा-बर्फीचा खेळ आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे, दोन झाकलेल्या वाट्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, सगळे ओरडतात, मजा असते. पण बोलताना मी मुद्दाम कोणतीच बाजू घेतली नाही. आपल्या देशात गर्भलिंग तपासणीवर १९९४ चा कायदा आहे तो उगाच नाही, आणि ताईसमोर "भाचा पाहिजे हं" म्हटलं की ती नको त्या काळजीत पडते. मराठीची सोय बघा, "बाळ" आणि "पिल्लू" दोन्ही नपुंसकलिंगी, ते आलं, ते झोपलं, ते रडलं, कुठेच अडत नाही. हिंदीत बोलायला गेलात तर अडाल, आणि आमच्या इथे अर्ध्या पाहुण्यांशी गोदभराई म्हणून हिंदीतच बोलावं लागतं, त्यामुळे शुभेच्छा मराठीतच लिहून ठेवा, अर्थ शेजारच्यांना नंतर सांगता येतो.

यमक करायचं असेल तर एक युक्ती सांगते जी मला आजीने शिकवली, उखाण्याचीच आहे. शेवटची ओळ आधी ठरवा, पहिली नंतर. आपण उलट करतो म्हणून अडकतो. मला शेवटी "जिजाजींची फेरी" पाहिजे होतं, कारण ताईला रात्री रात्री सराफ्यातले गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, खावेसे वाटायचे. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात, आणि जिजाजी थंडीत मफलर बांधून स्कूटीवर तिथे जायचे, आणि घरी येईपर्यंत ताईची इच्छा बदललेली असायची. मग तिला डिसेंबरात कैरी पाहिजे! फेरी म्हटलं की कैरी आलीच. ओळ झाली:

रात्री अकराला गराडू, डिसेंबरात मागते कैरी,
ताईच्या डोहाळ्यांपायी जिजाजींची सराफ्यात फेरी.

मीटर वगैरे काही नाही त्यात, पण हॉलमध्ये सगळ्यांत जास्त हशा यालाच आला, कारण जिजाजी दारात उभे होते आणि ते खरं होतं. दुसरी जोडी "मावशी" वर केली, आळशीच्या जागी:

पेढा निघो, बर्फी निघो, दोन्ही खाणार मी हौशी,
बाळ यायच्या आधीच फुगून बसली त्याची मावशी.

दोन जोड्या पुरे. तिसरी आली की शाळेचं गॅदरिंग वाटतं.

चौथी पायरी, मदतीचं वचन. हा भाग सगळ्यांत छोटा दिसतो पण मला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला.

आपण सगळेच म्हणतो, "काही लागलं तर सांग हं". हे बोलायला गोड आहे पण बाळंतिणीच्या कामाचं नाही, कारण मग तिला आधी ठरवावं लागतं की काय लागतंय, मग कोणाला सांगू, मग तुम्ही ऑफिसात असाल का, मग मागायचा संकोच, आणि तेवढ्यात बाळ रडतं. म्हणून वचन असं द्या की तिला काही ठरवायलाच लागू नये.

त्यासाठी मी आधी आईशी बसून यादी केली की बाळंतपणात कोणाकडे काय आहे. सव्वा महिना ताई माहेरी राहणार होती. मालिशला आणि बाळाच्या अंघोळीला बाई ठरलेली. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खीर, पथ्याचा स्वयंपाक आईकडे. पाहुणे बाबांकडे, म्हणजे ते दारातच गप्पा मारून अर्ध्यांना परत पाठवतात, त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. जन्माचा दाखला जिजाजींकडे, तो २१ दिवसांच्या आत नोंद झाली की फुकट मिळतो, आणि बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर वर्षभरात बिनपैशाने घालता येतं, हे मी त्यांना लिहून दिलं. दिवस सगळा भरलेला. रिकामी काय तर रात्र.

मी आधी जोशात लिहिलं की "सव्वा महिना रात्री मी जागेन". माझी मैत्रीण दोन मुलांची आई, तिने वाचून विचारलं, जागून करणार काय? नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी, ते काम तर आईचंच. मग तिनेच सांगितलं की खरी झोप दुधात नाही जात, दुधाच्या नंतर जाते. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा, तेवढ्यात शी होते, लंगोट बदला, बदलताना बाळ पूर्ण जागं होतं, मग अर्धा तास फिरवा, आणि ठेवलं की परत डोळे उघडतं. या सगळ्यात तास जातो आणि पुढच्या दुधाला तासच उरतो. हा मधला तास जर कोणी उचलला तर आई सलग दोन तास तरी झोपते. म्हणजे मावशीचं काम हे, दूध सोडून बाकीचं.

आणि ते काम करायचं तर दोन गोष्टी आधी शिकून घ्या, मी आमच्या डॉक्टरांना विचारून घेतल्या. बाळ झोपवताना पाठीवरच झोपवायचं, उताणं. आणि आपल्याला डुलकी यायला लागली तर बाळाला मांडीवर किंवा सोफ्यावर घेऊन बसायचं नाही, सरळ पाळण्यात ठेवायचं. रडतंय म्हणून पाणी, मध, गुटी असलं आपल्या मनाने काही द्यायचं नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. अंग गरम वाटलं तर ताईला उठवायचं, तिची झोप वगैरे बघायची नाही, थर्मामीटर लावायचा आणि ३८ डिग्री सेल्सियसला किंवा वर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन, सकाळची वाट बघायची नाही.

मग प्रश्न किती रात्री. माझं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, सुट्टी फक्त रविवारी. सव्वा महिना रोज जागणं मला जमणार नव्हतं, आणि न जमणारं वचन दिलं तर चौथ्या रात्री मीच चिडले असते. सहा आठवड्यांत सहा शनिवार. म्हणून सहा रात्री, शनिवारी रात्री अकरा ते पहाटे पाच. छोटं वाटतं पण पाळता येईल असं.

बोलून विसरायला होतं म्हणून मी सहा चिठ्ठ्या केल्या, जाड पिवळ्या कागदाच्या, प्रत्येकीवर "शनिवारची एक रात्र, मावशीकडे जमा" असं लिहिलं, आणि ताईच्याच हिरव्या बांगड्यांच्या रिकाम्या डब्यात घालून दिल्या. चिठ्ठीचा फायदा असा की तिला तोंडाने मागायचं नाही, फक्त हातात द्यायची.

आता सगळं एकत्र कसं दिसलं ते देते, हेच मी वाचलं:

"ताई, लहानपणी तू मला सांगायचीस की मला बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन, आणि वर एक वाटी मिळाली. ती वाटी आज मी घेऊन आले आहे, आणि आत्ता पेढा झाकायला तीच वापरणार आहेत, तेव्हा जरा जपून उघड, आतून अजून एखादी बहीण निघायची.
रात्री अकराला गराडू, डिसेंबरात मागते कैरी, ताईच्या डोहाळ्यांपायी जिजाजींची सराफ्यात फेरी.
पेढा निघो, बर्फी निघो, दोन्ही खाणार मी हौशी, बाळ यायच्या आधीच फुगून बसली त्याची मावशी.
तुझ्या पिल्लाला मी बोहारणीची गोष्ट नाही सांगणार. त्याला सांगेन की तुला कोणी साड्या देऊन नाही आणलं, तुझ्या आईने नऊ महिने वाट बघून आणलं, आणि आम्ही सगळे दाराशी उभे होतो.
या डब्यात सहा चिठ्ठ्या आहेत. एक चिठ्ठी म्हणजे शनिवारची एक रात्र. दूध तेवढं तू पाज, बाकी ढेकर, लंगोट, अंगाई सगळं माझ्याकडे. आवाज माझा कसा आहे तुला माहीत आहे, त्यामुळे बाळ लवकर झोपेल, नाहीतर घाबरून गप्प बसेल."

वाटीच्या वाक्याला आई रडायला लागली आणि ताई हसायला, दोन्ही एकदम, त्यामुळे पुढचं अर्धं कोणी ऐकलं नाही. म्हणून सांगते, रडवणारं वाक्य टाकलंत तर त्यानंतर एक श्वास थांबा, वाचत सुटू नका.

वाटीत बर्फी निघाली. बाळ मार्चमध्ये मंगळवारी आलं, आणि माझ्या योजनेतली चूक कळली. सगळ्यात वाईट रात्र शनिवारी नव्हतीच. घरी आल्यावरची तिसरी रात्र, सोमवार, बाळ दर तासाला रडत होतं, ताई रडत होती, आणि चिठ्ठ्या शनिवारच्या म्हणून ती मला उठवायला संकोचली, मी शेजारच्या खोलीत घोरत होते. सकाळी कळलं तेव्हा मी पेन घेऊन सगळ्या चिठ्ठ्यांवरचा शनिवार खोडला. त्यामुळे तुम्ही रात्रींची संख्या ठरवा, वार ठरवू नका. वार तिचा तिला ठरवू दे, दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर झाला तर झाला, साहेबांना आधीच सांगून ठेवा.

दीड महिन्याच्या लशीच्या रात्री बाळाला ताप आला, तो येतो म्हणून डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि किती औषध द्यायचं तेही लिहून दिलं होतं, त्या रात्री पाचवी चिठ्ठी गेली. मग ताई सुदामा नगरला सासरी परत गेली आणि सहावी सोबत नेली. पिल्लू आता सात महिन्यांचं आहे. चिठ्ठी त्यांच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेली आहे, मी दर वेळी गेले की विचारते वापरत का नाहीस, तर ती म्हणते थांब, अजून वरचे दात यायचेत.